दोरी, पंखा आणि लाल चिमटा : एका कथेच्या प्रकल्प नोंदी

12 जून 2024

दिवाळी अंकासाठी कथा देण्याचे कबूल केले आहे. मर्यादा 1500 शब्दांची आहे आणि रूप ठरलेले आहे : भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहणाऱ्या दोघीजणींनी एकमेकींसाठी चिकटवून ठेवलेल्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्याखेरीज निवेदनाची एकही ओळ नाही. भांडण चढत जाईल आणि अखेरीस मैत्री होईल. हा शेवट वाचक तिसऱ्या चिठ्ठीलाच ओळखणार, त्यामुळे तो लपवण्यात काही अर्थ नाही. मैत्री होते की नाही यापेक्षा ती कशाने होते, हे त्याला आधी सुचता कामा नये.

भांडणाचे कारण म्हणून खरकटी भांडी, दूध आणि गॅस सिलिंडर हे तिन्ही विषय बाजूला ठेवले, कारण ते कोणत्याही शहरातल्या कोणत्याही फ्लॅटमध्ये चालतील. रत्नागिरीतल्या पावसाळ्यात खरी टंचाई असते ती कपडे वाळवण्याच्या जागेची. मारुती मंदिराच्या बाजूचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीत आडवा पाऊस येतो म्हणून बैठकीच्या खोलीत बांधलेली एक नायलॉनची दोरी आणि तिच्या एका टोकावर फिरणारा पंखा, एवढा ऐवज मला पुरेसा आहे. पंख्याखालचा हातभर भाग सुकतो आणि उरलेल्या भागातले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसर राहून कुबट वास धरतात, हे इथल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

19 जून

चिठ्ठ्यांच्या कथेत पहिली भिंत उभी राहते ती ‘फोन का नाही करत?’ या प्रश्नाची, आणि ती वेळापत्रकाने ओलांडावी लागते, स्वभावाने नव्हे. ‘त्या अबोल होत्या’ हे उत्तर वाचक दोन पानांपुरतेच मानतो.

संपदा खासगी रुग्णालयात परिचारिका आहे आणि कथेच्या काळात तिला सलग रात्रपाळी लागलेली आहे. ती संध्याकाळी साडेसातला निघते आणि सकाळी पावणेनऊला परतते. रेश्मा मासळी प्रक्रिया कारखान्यात कोळंबी सोलण्याच्या विभागात आहे; ती पहाटे साडेपाचला बाहेर पडते आणि रात्री आठच्या सुमारास येते. अर्ध्या तासाच्या फरकाने दोघींची चुकामूक रोज होते. कारखान्यात कामाच्या जागी फोन न्यायला बंदी असते, आणि संपदा दिवसा झोपताना तिचा फोन बंद ठेवते. खोल्या घरमालकीण काकूंनी वेगवेगळ्या वेळी दिल्यामुळे दोघींकडे एकमेकींचा नंबरही नाही. पुढे तो मागायची सोय असते तेव्हा भांडण जुंपलेले असते आणि नंबर मागणे म्हणजे माघार ठरते.

या वेळापत्रकाचा एक फायदा लिहिता लिहिता हाती आला. सकाळी लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे प्रत्येक चिठ्ठीमागे रागाला मुरायला जवळजवळ एक दिवस मिळतो. तोंडी भांडण दहा मिनिटांत विझते. हे विझणार नाही.

27 जून

कागदाची तपासणी केली. बाजारात सर्रास मिळणारी चौकोनी स्टिकी नोट 76 मिलिमीटर लांब-रुंद असते. बॉलपेनने नेहमीच्या अक्षरात लिहिल्यास तिच्यावर मराठीत सात-आठ ओळी आणि सुमारे पंचवीस ते तीस शब्द बसतात. ही मर्यादा मी कथेत काटेकोर पाळणार आहे, कारण एवढ्या जागेत कोणालाही स्वतःची बाजू नीट मांडता येत नाही, केवळ टोचता येते. चिठ्ठी पन्नास शब्दांची झाली की ते पत्र होते आणि पात्र शहाण्यासारखे बोलू लागते.

डिंकाचाही प्रश्न आहे. स्पेन्सर सिल्व्हर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने 1968 मध्ये पक्का गोंद शोधताना हा कच्चा गोंद मिळवला आणि त्याचे सहकारी आर्ट फ्राय यांना 1974 मध्ये भजनाच्या पुस्तकातल्या खुणेसाठी त्याचा उपयोग सुचला. या कागदाची देशव्यापी विक्री अमेरिकेत 1980 मध्ये सुरू झाली. त्या गोंदाचा सलग थर नसतो, तर सूक्ष्म गोळ्या असतात, आणि त्या पृष्ठभागाला मोजक्या ठिकाणीच टेकतात. म्हणून कागद सुटतो आणि पुन्हा लागतो. पण पृष्ठभागावर धूळ, तेल किंवा दमटपणाचा पातळ थर असला की त्या गोळ्यांना टेकायला जागाच उरत नाही. माझ्या घरातल्या रंगवलेल्या भिंतीवर चिठ्ठी सकाळपर्यंत टिकली नाही, तर फ्रिजचे दार कोरड्या फडक्याने पुसून लावलेली चिठ्ठी टिकली.

चिठ्ठी पडून फ्रिजखाली गेली, तिने वाचली नाही, म्हणून गैरसमज झाला, हा डाव यातून आयताच समोर येतो. तो मी घेणार नाही. हरवलेल्या पत्रावर उभे राहिलेले भांडण पत्र सापडताच संपते आणि त्यात कोणाचेच काही पणाला लागत नाही. माझ्या कथेत प्रत्येक चिठ्ठी पोचते, वाचली जाते आणि बरोबर समजते. राग त्यामुळेच येतो. दमटपणाचा उपयोग वेगळा करता येईल : चिठ्ठ्या फ्रिजवरून निघून थेट दोरीवर चिमट्याने लटकू लागतील. मग चिठ्ठीच दोरीवरची जागा खाऊ लागते आणि तिच्यावरूनही तक्रार करता येते.

6 जुलै

कथा जुलैत ठेवता येणार नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि मिरकरवाडा बंदरात त्या काळात होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. रेश्माच्या कपड्यांना ताज्या कोळंबीचा दाट वास यायचा आणि तिच्यावर जादा कामाचा ताण पडायचा, तर बंदी उठलेली हवी. म्हणून कथा ऑगस्टच्या पंधरवड्यात नेली. पाऊस तेव्हाही हटलेला नसतो, माल एकदम वाढतो, आणि दोन महिने कमाईत खंड पडलेली बाई एकही दिवस खाडा करायला तयार नसते. ही शेवटची गोष्ट पुढे कामाला येईल असे वाटते.

14 जुलै

पहिल्या आठ चिठ्ठ्या झाल्या. इथे उतरवून ठेवतो.

संपदा, फ्रिजवर : ‘नमस्कार. दोरीवरचे आपले कपडे सुकले असल्यास कृपया काढून घ्यावेत, म्हणजे मला युनिफॉर्म वाळत घालता येईल.’

रेश्मा : ‘सुकलेले नाहीत. हात लावून बघावेत.’

संपदा : ‘बघितले. हाताला वास लागला. माझा युनिफॉर्म पांढरा आहे आणि तो घालून मी पेशंटजवळ उभी राहते.’

रेश्मा : ‘वास कोळंबीचा आहे. त्याच वासावर निम्मं भाडं आणि तुमच्या पंख्याचं निम्मं बिल भरते. पंखा दोघींचा आहे.’

संपदा, दोरीवर : ‘दोरीच्या मध्यावर लाल चिमटा लावला आहे. त्याच्या पलीकडे तुम्ही, अलीकडे मी.’

रेश्मा : ‘पंखा अलीकडे येतो हे बघूनच मध्य काढलात वाटतं. आणि ही चिठ्ठी माझ्या बाजूला लटकते आहे.’

संपदा : ‘चिमटा सरकवलास. तू काय लहान आहेस?’

रेश्मा : ‘तू म्हणायला मी तुझ्या वॉर्डातली पेशंट नाही.’

चढ कसा बांधला आहे हे स्वतःसाठी नोंदवतो. मूळ मागणी हातभर दोरीची आहे आणि ती शेवटपर्यंत तेवढीच राहते. चढत जातो तो एकमेकींवरचा आरोप. वासाची तक्रार व्यवसायाच्या अपमानापर्यंत जाते, तिथून पैशाच्या हिशेबापर्यंत, मग लबाडीच्या संशयापर्यंत आणि अखेर पोरकटपणापर्यंत. प्रत्येक उत्तर आधीच्या चिठ्ठीतल्या एकाच शब्दाला धरते आणि बाकीचा मजकूर सोडून देते, कारण चिडलेला माणूस तेच करतो. पहिल्या खर्ड्यात संपदाची तिसरी चिठ्ठी नुसतीच जास्त मोठ्याने ओरडत होती. ती काढून तिच्या जागी लाल चिमटा आणला. आवाज वाढला की वाचक कंटाळतो, पण एखादी वस्तू आली की तो पुढे वाचतो.

‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आणि तिथून ‘तू’वर घसरण्याला पाच-सहा चिठ्ठ्या पुरल्या. हा ‘तू’ आता परत घ्यायचा नाही. समेट झाल्यावर पुन्हा ‘तुम्ही’ आले तर त्या सभ्य शेजारणी होतील. मैत्रिणी होणार नाहीत.

22 जुलै

आठव्या चिठ्ठीनंतर अडलो आहे. माफी, वाढदिवस आणि लाइट गेलेल्या रात्री अचानक झालेली भेट, असे तीन मार्ग लिहून पाहिले आणि तिन्ही टाकले. तिन्हींत भांडण थांबते आणि त्याच्या शेजारी मैत्री वेगळी सुरू होते. म्हणजे आधीच्या आठ चिठ्ठ्या नसत्या तरी चालले असते. मैत्री त्या भांडणाच्याच पोटातून निघायला हवी.

30 जुलै

वाट सापडली, आणि ती हळदीच्या डागातून सापडली. संपदाच्या पुढच्या तक्रारीसाठी पांढऱ्या युनिफॉर्मला काहीतरी लागायला हवे होते. हळद लावायचे ठरले, पण रेश्माने हळद बाथरूममध्ये का नेली याला कारण हवे. पावसाळ्यात सतत ओल्यात काम करणाऱ्या बाईला हळद कशाला लागते? चिखल्यांना. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फुटते, तिथे ती तेल-हळद भरते.

संपदा : ‘युनिफॉर्मला हळद. कोपऱ्यात टांगलेला तुझा टॉवेल पुसला गेला. डाग जात नाही.’

रेश्मा : ‘पायाला चिखल्या झाल्यात म्हणून लावते. डाग उन्हात जातो. ऊन पडलं की वाळव.’

हळदीचा डाग उन्हाने उडतो हे खरेच आहे, त्यामुळे तिचा सल्ला अचूक आहे. आणि ऑगस्टात कोकणात तो दिल्यामुळे त्याची शिवी झाली आहे. कथेतली ही माझी सर्वांत आवडती चिठ्ठी आहे.

तिचे खरे काम मात्र पुढे आहे. रेश्माच्या पायाला उघड्या जखमा आहेत हे आता कागदावर आले. तिसरी तक्रार याच धर्तीची करता येते.

संपदा : ‘जिन्यापासून खोलीपर्यंत गटाराच्या पाण्याची पावलं. चपला बाहेर काढायला काय होतं?’

रेश्मा : ‘कारखान्याच्या बोळात पोटरीभर पाणी आहे. गमबूट आत मिळतात, बाहेर नाही.’

उघड्या जखमा आणि तुंबलेले पावसाचे पाणी या दोन गोष्टी एकत्र आल्या की परिचारिकेला लेप्टोस्पायरोसिसचा ताप आठवतो. संपदाने हे सगळे स्वतःच भांडता भांडता लिहून घेतले आहे, पण तिने ते भांडण म्हणून वाचले. एके दिवशी ती तोच गठ्ठा केसपेपर म्हणून वाचेल, आणि तिथे कथा वळेल.

9 ऑगस्ट

रुग्णसेवेत असलेल्या एका परिचित ताईंना वैद्यकीय भाग वाचायला दिला. त्यांनी दोन गोष्टी पक्क्या करून दिल्या. एक, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या गोड्या पाण्यात येतात आणि खाऱ्या पाण्यात ते फारसे टिकत नाहीत. तेव्हा संसर्ग बोळातल्या पाण्यातून दाखवावा, बंदरावरच्या समुद्राच्या पाण्यातून नाही. लागण झाल्यापासून ताप यायला बहुधा एक ते दोन आठवडे जातात, हेही माझ्या पंधरवड्यात बसते. दोन, परिचारिकेने निदान करू नये आणि औषधही लिहून देऊ नये. तिने विचारावे, शंका धरावी आणि डॉक्टरसमोर नेऊन उभे करावे. रक्ततपासणी आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या हे डॉक्टरांचे काम. या दुसऱ्या अटीने कथेचे भलेच केले, कारण संपदाला आता रेश्माला घराबाहेर काढावे लागते आणि रेश्मा खाडा करायला तयार नाही.

वळणाच्या चिठ्ठ्या अशा झाल्या.

संपदा : ‘दोन दिवस दोरी रिकामी. माझ्यावर उपकार का?’

रेश्मा : ‘ताप आहे. गोळी घेऊन कामाला जाते. कपडे धुवायला अंगात जोर नाही. घे दोरी, सगळी घे.’

संपदा : ‘कधीपासून? पिंडऱ्या ठणकतात का? डोळे लाल झालेत? लघवी पिवळी होते? आरशात बघ. खाली माझा नंबर आहे. वाचल्याबरोबर फोन कर. भांडायला कर, पण कर.’

इथे वेळापत्रकाने पुन्हा मदत केली. संपदा हे सकाळी लिहिते, रेश्मा रात्री आठला वाचते, आणि लेखी उत्तराची वाट पाहिली तर दुसऱ्या दिवशीचे पावणेनऊ वाजतील. ज्या संथपणाने राग मुरवला, तोच संथपणा आता धोक्याचा झाला. म्हणून चिठ्ठ्यांच्या कथेत प्रथमच कोणीतरी चिठ्ठीबाहेर येते आणि इतके दिवस प्रतिष्ठेपायी न दिलेला नंबर देते. छापताना नंबराच्या जागी शाई पसरलेली दाखवायची. जेल पेनची शाई ओल्या युनिफॉर्मखाली पसरतेच. पण तो रेश्माने वाचल्यानंतर पसरलेला असावा, नाहीतर मी नाकारलेला डाव मागच्या दाराने आत येईल.

फोनवर काय बोलणे झाले, रेश्मा रुग्णालयात कशी गेली, संपदा पाळी संपवून तिच्यासोबत ओपीडीच्या बाकावर किती वेळ बसली, यातले एक अक्षरही कथेत नाही. ती जागा कोरी राहील. संपादकांनी ‘इथे वाचक गोंधळेल’ असे कळवले आहे. मला तसे वाटत नाही. दोघी जेव्हा खरोखर बोलल्या तेव्हा चिठ्ठी लिहिण्याची गरज नव्हती, एवढा हिशेब वाचक स्वतः करतो, आणि तो केल्यावरच पुढची चिठ्ठी त्याला हसवते. ती गोळ्यांच्या पाकिटावर चिकटवलेली आहे.

संपदा : ‘आता आहेस माझी पेशंट. सकाळी एक, रात्री एक, 7 दिवस. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवी पडायचं नाही. तू काय लहान आहेस, पुन्हा सांगायला?’

17 ऑगस्ट

या चिठ्ठीने मला सगळ्या कथेचा सूर दिला. समेट झाला म्हणून भाषा मऊ करायची नाही. शब्द तेच आहेत, खवचटपणा तोच आहे, ‘तू’सुद्धा तोच आहे, बदलले आहे ते फक्त हे सगळे कोणाच्या बाजूने बोलले जाते ते. त्यामुळे उरलेल्या चिठ्ठ्यांतून ‘धन्यवाद’, ‘माफ कर’ आणि ‘काळजी घे’ हे शब्द शोधून काढून टाकले. ‘काळजी घे’ एकदाच आला होता, पण त्याने चिठ्ठी लगेच भेटकार्डासारखी दिसू लागली होती.

शेवटच्या तीन चिठ्ठ्या :

रेश्मा : ‘पेज केलीस त्यात मीठ नव्हतं. पेशंटला आळणी देतात हे ठाऊक आहे, पण तू पेशंट नाहीस, तू तीच का खाल्लीस?’

संपदा : ‘वेगळं रांधायला वेळ नव्हता. गमबूट आणलेत, सात नंबर. पैसे पगार झाल्यावर दे. बोळात तेच घालून जायचं.’

रेश्मा : ‘सहा नंबर लागतो. मोजे घालून वापरते. तुझा युनिफॉर्म पंख्याखाली टाकलाय, माझा गाऊन त्याला लागून. वास आला तर सांग, आणखी जवळ टाकेन.’

गमबुटाचा नंबर चुकलेला ठेवला. इतके दिवस पावलांचे ठसे पुसणाऱ्या बाईने माप बरोबर आणले असते, असे एका मित्राचे म्हणणे पडले. पण ओले ठसे पसरतात आणि मोठे दिसतात, तेव्हा तिचा अंदाज एक नंबराने वर जाणे मला रास्त वाटते. शिवाय सगळेच बरोबर जुळले तर रेश्माला तक्रारीला काही उरणार नाही, आणि तक्रार नसेल तर ती चिठ्ठी तरी कशाला लिहील?

26 ऑगस्ट

कथा 1340 शब्दांत संपली. मांडणीबद्दल संपादकांना कळवायचे मुद्दे लिहून पाठवले : चिठ्ठ्या चौकटीत छापाव्यात, मात्र हस्ताक्षरासारखा टाइप वापरू नये, कारण तो वाचवत नाही, प्रत्येक चिठ्ठीखाली ती कुठे लावलेली होती ते लहान अक्षरांत द्यावे, म्हणजे फ्रिज, दोरी, आरसा किंवा गोळ्यांचे पाकीट; आणि तारखा देऊ नयेत. दोघींची नावेही पहिल्या दोन चिठ्ठ्यांनंतर काढावीत, कारण कोण बोलते आहे हे ज्याला सुरावरून कळत नसेल त्याच्यासाठी माझे लेखनच कमी पडलेले असेल.

चित्रकाराने नमुन्यादाखल काढलेल्या चित्रात दोरीवर दोन्ही टोकांना लाल चिमटे आले आहेत. एकच हवा, आणि शेवटच्या पानावर तो कुठेही असला तरी चालेल, फक्त मध्यावर नको, असे कळवले आहे.